निवृत्त होणाऱ्या सरांना कन्नडमधून आभार कसे लिहावेत: मराठी घरातल्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी

मे महिना संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर या भागांतल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच धांदल सुरू होते: अमुक सर 31 तारखेला निवृत्त होतायत, कार्यक्रम आहे, कोण येणार? यामागे एक साधं कारण आहे. कर्नाटकात सरकारी शिक्षक वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होतात, तेही जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी. जन्मतारीख पहिली असेल, तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. त्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना 1 जून अशी लावून टाकलेली असते, म्हणून 31 मे. महाराष्ट्रात जत, अक्कलकोट भागातल्या कन्नड शाळांतले शिक्षक मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीच निवृत्त होतात, त्यामुळे तिकडे दोन वर्षं आधीच तयारीला लागावं लागतं.

अशा वेळी मराठी घरातून आलेल्या, पण कन्नड शाळेत किंवा कन्नड शिक्षकांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांची पंचाईत होते. कन्नड बोलता येतं, वाचता येतं, पण दहावीनंतर कन्नडमध्ये चार ओळी लिहिलेल्या नसतात. मग कुठून तरी तयार मजकूर उचलून पुढे ढकलला जातो. चाळीस जणांचे तेच चाळीस संदेश वाचून सरही अंगठा दाखवून मोकळे होतात. आठ-दहा वाक्यांचा स्वतःचा मजकूर लिहिणं तितकं अवघड नाही. तो कसा लिहायचा ते इथे सांगतो.

एक सोय आधी सांगून ठेवतो. कन्नडमध्ये ए आणि ओ हे दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन तऱ्हांचे असतात. इथे कन्नड वाक्यं देवनागरीत देताना ऱ्हस्व ए साठी ॆ आणि ऱ्हस्व ओ साठी ॊ अशी मात्रा वापरली आहे. नेहमीची मात्रा दिसली की तो स्वर दीर्घ समजायचा. कन्नड लिपीत उतरवताना हा फरक पाळावा लागतो, कारण ‘कॊडु’ म्हणजे दे, आणि ‘कोडु’ म्हणजे शिंग.

आधी ठरवा: हे कुठे वाचलं जाणार आहे

निरोप समारंभाला कन्नडमध्ये ‘बीळ्कॊडुगॆ समारंभ’ म्हणतात. जुन्या विद्यार्थ्यांनी स्वतंत्र कार्यक्रम केला तर पत्रिकेवर बहुधा ‘गुरुवंदना’ असं छापलेलं असतं. अशा कार्यक्रमात चौकटीत बसवलेलं एक मानपत्र वाचून सरांच्या हातात दिलं जातं. त्याचं जुनं नाव ‘बिन्नवत्तळॆ’. त्याची भाषा ठरलेली असते: लांबलचक संस्कृत समास, विशेषणांच्या माळा, ज्ञानाचा दीप आणि अज्ञानाचा अंधकार. ते सगळ्यांच्या वतीने असतं, म्हणून तिथे ते शोभतं. गोंधळ होतो तो आपण आपल्या खासगी संदेशात तीच भाषा आणतो तेव्हा. ‘अज्ञानद अंधकारवन्नु होगलाडिसिद दारिदीप’ हे वाक्य सरांनी स्वतःच आपल्या मुख्याध्यापकांच्या निरोपाला दोन-तीनदा लिहिलेलं असतं.

म्हणून ठरवून टाका. मानपत्राचं काम तुमच्यावर आलं असेल तर ते एखाद्या कन्नड शिक्षकाकडूनच लिहून घ्या, त्यात कमीपणा नाही. तुमचा स्वतःचा संदेश मात्र तुम्हीच लिहा आणि तो साधा ठेवा. तो फोनवर जाणार, कार्डावर जाणार की व्यासपीठावरून वाचला जाणार, यावर फक्त दोन गोष्टी बदलतात: लांबी आणि ‘तुम्ही’साठीचा शब्द. दुसरी गोष्ट पुढे येईलच.

एकच आठवण निवडा

लिहायला बसण्यापूर्वी कागदावर मराठीतच मुद्दे काढा. मुद्देच, वाक्यं नकोत. मराठीत पूर्ण वाक्य लिहिलं की त्याचं भाषांतर करायचा मोह होतो, आणि मग सगळं कन्नड मराठीच्या साच्यातून निघाल्यासारखं वाटतं.

मुद्दे चारच हवेत. मी कोण आणि कुठल्या वर्षाचा. तेव्हा माझी अडचण काय होती. सरांनी नेमकं काय केलं. त्याचा आज मला कुठे उपयोग होतो. पहिला मुद्दा लोक गाळतात, आणि तोच सगळ्यात जरुरीचा असतो. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत सरांच्या हाताखालून हजारो मुलं गेलेली असतात. लग्नानंतर आडनाव बदललेलं, फोन नंबर साठवलेला नाही, चित्राच्या जागी गणपती. वर्ष आणि गाव लिहिलं नाही तर त्यांचं उत्तर ‘यारु?’ एवढंच येईल, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

तिसऱ्या मुद्द्यात ‘खूप छान शिकवलंत’ चालणार नाही. सर काय करायचे ते लिहा: वहीवर काय लिहायचे, कुठलं वाक्य सतत म्हणायचे, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कुणाला थांबवून घ्यायचे. तपशील पक्का नसेल तर वर्गातल्या दोघांना विचारून खात्री करा. दुसऱ्याच सरांची सवय या सरांच्या नावावर घातली, तर सगळा संदेश फसतो.

दोन आठवणी चारचौघांत सांगायच्या नसतात. सरांनी तुमची परीक्षेची फी भरली असेल (‘परीक्षा शुल्कवन्नु नीवे कट्टिदिरि’), तर ते त्यांना एकट्याला लिहा, व्यासपीठावर नको. त्यांनी ते गुपचूप केलं होतं, आणि तेव्हा ज्यांची फी त्यांना भरता आली नाही तेही कदाचित समोर बसलेले असतील. दुसरी गोष्ट छडीची. जुन्या विद्यार्थ्यांना छडीचे किस्से फार आवडतात, पण सरांची मुलं-नातवंडं पहिल्या रांगेत असताना ते ऐकायला सरांना आवडेलच असं नाही.

मायना: कुणाला काय म्हणायचं

बोलताना उत्तर कर्नाटकात ‘सर’ किंवा ‘सर्री’ चालतं, बाईंना ‘अक्कोरु’ किंवा ‘टीचर’ म्हणतात, जुन्या म्हैसूर भागात ‘मेष्ट्रे’ ऐकू येतं. लिहिताना हे शब्द मायन्यात घेऊ नका, मजकुरात हवं तर एकदा येऊ द्या. लिखाणात सगळीकडे चालणारा मायना म्हणजे ‘पूज्य गुरुगळिगॆ नमस्कारगळु’. थोडं जवळिकीचं हवं असेल तर ‘नन्न नॆच्चिन गुरुगळिगॆ’, म्हणजे माझ्या आवडत्या गुरुजींना. बाईंसाठी ‘गुरुमातॆ’ हा शब्द आदराने वापरतात, आणि ‘पूज्य गुरुगळिगॆ’ही चालतं.

इथे ‘गळु’ हे अनेकवचन आदरार्थी आहे, मराठीत आपण एकाच माणसाला ‘ते आले’ म्हणतो तसंच. ‘गुरुविगॆ’ असं एकवचन केलं तर ते कवितेत किंवा स्वामींच्या स्तुतीत बसेल, शाळेतल्या सरांसाठी विचित्र वाटेल. नाव घालायचं असेल तर नावापुढे ‘अवरिगॆ’ जोडायचं. नुसतं नाव आणि ‘सर’ असं लिहून थांबू नका.

‘तीर्थरूप’ची सवय असेल तर ती इथे सोडून द्या. कन्नड पत्रातही ‘तीर्थरूपु’ वडिलांसाठीच राखीव असतं.

नीवु की तावु

कन्नडमध्ये ‘नीनु’ म्हणजे तू, ‘नीवु’ म्हणजे तुम्ही, आणि त्याच्याही वर ‘तावु’ म्हणजे आपण. फोनवरच्या किंवा कार्डावरच्या संदेशात ‘नीवु, निम्म, निमगॆ’ पुरेसं आणि मोकळं वाटतं. व्यासपीठावरून वाचणार असाल तर ‘तावु, तम्म, तमगॆ’ घ्या. कुठलंही घ्या, पण एका मजकुरात एकच. पहिल्या वाक्यात ‘तावु’ आणि शेवटी ‘निमगॆ’ आलं, की तयार मजकूर उचलून मधे आपलं घुसवलंय हे लगेच कळतं.

वाक्यं बांधताना मराठी माणूस कुठे अडखळतो

सुदैवाने वाक्यातल्या शब्दांचा क्रम दोन्ही भाषांत जवळपास सारखा आहे. कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. त्यामुळे लहान वाक्यं सहज जमतात. चुका होतात त्या ठरावीक जागी.

पहिली जागा म्हणजे भूतकाळ. मराठीत ‘तुम्ही मला कन्नड शिकवलं’ म्हणताना क्रियापद कन्नडच्या मागे जातं, तुमच्या मागे नाही. कन्नडमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागे जातं: ‘नीवु ननगॆ कन्नड कलिसिदिरि’. ‘नीवु’ आलं की शेवटी ‘इरि’ यायलाच हवं. पुष्कळ जण ‘नीवु कलिसिदरु’ लिहितात. तो तृतीय पुरुष झाला, ‘तुम्ही त्यांनी शिकवलं’ अशी खिचडी.

दुसरी जागा ऱ्हस्व-दीर्घाची, आणि ती फसवी आहे. ‘ऎन्नुत्तिद्दिरि’ म्हणजे तुम्ही म्हणत असायचात. ‘ऎन्नुत्तिद्दीरि’ म्हणजे तुम्ही म्हणताय, आत्ता. फरक एका वेलांटीचा. आठवण सांगताना ऱ्हस्व हवं. फोनची कळपाटी हमखास दोन्ही पर्याय सुचवते, आणि पहिला दिसेल तो निवडला जातो.

तिसरी जागा ‘जो… तो’ वाक्यांची. ‘जो धडा तुम्ही शिकवला तो अजून आठवतो’ हे जसंच्या तसं कन्नडमध्ये नेऊ नका. ‘तुम्ही शिकवलेला धडा’ असं मनात फिरवून घ्या, मग ‘नीवु कलिसिद पाठ’ आपोआप येतं. ही रचना एकदा हातात बसली की अर्धा संदेश तिच्यावरच तरतो: ‘नीवु हेळिद मातु’, ‘नीवु कॊट्ट धैर्य’.

एक दिलासाही आहे. मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ वेगळं, कन्नडमध्ये दोघांनाही ‘नानु बंदॆ’. मुलगा की मुलगी हे फक्त ‘विद्यार्थि’ आणि ‘विद्यार्थिनि’ या शब्दांत दिसतं.

संस्कृत शब्द ओळखीचे, पण शेपूट वेगळं

मराठी माणसाला कन्नड लिखाण सोपं वाटतं ते संस्कृत शब्दांमुळे, आणि चुकतंही तिथेच. मराठीत जे स्त्रीलिंगी शब्द आ-कारान्त आहेत, ते कन्नडमध्ये सहसा ऱ्हस्व ए-कारान्त होतात. शाळेचं मूळ रूप शाला, कन्नडमध्ये ‘शालॆ’. सेवा ‘सेवॆ’ होते, भाषा ‘भाषॆ’, वंदना ‘वंदनॆ’, कृतज्ञता ‘कृतज्ञतॆ’. आणि मराठीच्या नियमाने आपण शब्दाच्या शेवटी दीर्घ वेलांटी देतो, कन्नडमध्ये ती ऱ्हस्व राहते: विद्यार्थि, निवृत्ति, मराठि. कन्नड लिपीत ‘विद्यार्थी’ दीर्घ लिहिलेलं दिसलं की लिहिणारा मराठी किंवा हिंदी घरातला आहे हे भाषेचे सर एका नजरेत ओळखतात. ओळखलं म्हणून रागावणार नाहीत, पण त्यांच्याच विषयात त्यांना लाल पेन शोधायला कशाला लावा?

आभार नेमके कुठल्या शब्दांत

सरळ मार्ग ‘धन्यवादगळु’. आदर दाखवायला अनेकवचन. त्याला वजन द्यायचं असेल तर आधी ‘हृत्पूर्वक’ लावतात, जिथे आपण मनःपूर्वक म्हणतो. कशाबद्दल आभार ते सांगायला क्रियापदाला ‘द्दक्कॆ’ जोडायचं: ‘कलिसिद्दक्कॆ धन्यवादगळु’, शिकवल्याबद्दल धन्यवाद. ‘नानु निमगॆ चिरऋणि’ हे कन्नडमध्ये शिक्षकांना उद्देशून सर्रास लिहितात आणि ते खोटं वाटत नाही. मात्र ‘हृत्पूर्वक’ आणि ‘चिरऋणि’ दोन्ही एकाच संदेशात घातलं तर वजन वाढायच्या ऐवजी कमी होतं. सभेत आभारप्रदर्शनाला ‘वंदनार्पणॆ’ म्हणतात. तो शब्द सभेतच राहू द्या.

शुभेच्छांच्या जागी खरा धोका आहे. निरोपाची भाषा आणि श्रद्धांजलीची भाषा यांच्या सीमा फार जवळ असतात. ‘विदाय’ हा शब्द निरोपासाठी आहे खरा, पण ‘अंतिम विदाय’ या रूपात तो वर्तमानपत्रात रोज निधनाच्या बातमीत छापून येतो. ‘नीवु सदा नम्म नॆनपिनल्लि इरुत्तीरि’, म्हणजे तुम्ही सदैव आमच्या आठवणीत राहाल, हे प्रेमाने लिहिलेलं वाक्य हार घातलेल्या फोटोखाली बसतं. सर निवृत्त होतायत, बाकी सगळं ठणठणीत आहे. तेव्हा पुढच्या दिवसांबद्दल बोला. नेहमीचं आणि बिनधोक वाक्य म्हणजे ‘निम्म विश्रांत जीवन सुखकरवागिरलि’. ‘विश्रांत जीवन’ म्हणजे निवृत्तीनंतरचं आयुष्य. सरांना शेतीचा, नाटकाचा किंवा प्रवासाचा नाद असल्याचं ठाऊक असेल तर त्याबद्दल एक ओळ घाला, ती या वाक्यापेक्षा भारी ठरेल.

एक पूर्ण उदाहरण

समजा, खानापूर तालुक्यातल्या मराठी घरातली एक मुलगी. सातवीपर्यंत मराठी शाळा, आठवीपासून कन्नड हायस्कूल. 2008 साली दहावी झाली, आता हुबळीला नर्स आहे. कन्नडचे सर निवृत्त होतायत. तिचे मुद्दे असे: आठवीत कन्नड वाचता यायचं पण लिहायला भीती वाटायची. सर निबंधातल्या प्रत्येक चुकीवर पेन्सिलीने बरोबर शब्द लिहायचे आणि म्हणायचे, चुकलं तर चुकू दे, आणखी एकदा लिही. आज ती रुग्णांच्या घरच्यांना औषधांच्या वेळा कन्नडमधून लिहून देते.

तिचा संदेश:

पूज्य गुरुगळिगॆ नमस्कारगळु.

नानु 2008रल्लि ऎस्.ऎस्.ऎल्.सि. मुगिसिद निम्म विद्यार्थिनि. नम्म मनॆय मातु मराठि. ऎंटनॆय तरगतिगॆ बंदाग ननगॆ कन्नड ओदलु बरुत्तित्तु, बरॆयलु भयवागुत्तित्तु. नन्न प्रबंधद प्रति तप्पिन मेलॆ नीवु पॆन्सिलिनिंद सरियाद पद बरॆदु, ‘तप्पाद्र आगलि, इन्नॊम्मॆ बरि’ ऎन्नुत्तिद्दिरि.

ईग हुब्बळ्ळिय आस्पत्रॆयल्लि नर्स् आगिद्देनॆ. रोगिगळ मनॆयवरिगॆ औषधिय समयवन्नु प्रतिदिन कन्नडदल्लि बरॆदुकॊडुत्तेनॆ. आ धैर्य नीवु कॊट्टद्दु. अदक्कागि निमगॆ हृत्पूर्वक धन्यवादगळु.

निम्म विश्रांत जीवन सुखकरवागिरलि, आरोग्य चॆन्नागिरलि.

इंति निम्म विद्यार्थिनि,
(नाव, लग्नाआधीचं आडनाव, गाव)

आता यात काय केलंय ते बघा. सगळा मजकूर पुस्तकी कन्नडमध्ये आहे, फक्त सरांचं वाक्य बोलीत आहे. पुस्तकी कन्नडमध्ये ‘तप्पादरॆ’ म्हणतात, ‘तप्पाद्र’ हे धारवाड-बेळगावकडचं. ते मुद्दाम तसंच ठेवलंय, कारण सर तसंच म्हणायचे. ते वाचताना त्यांना आपलाच आवाज ऐकू येईल. बाकीचा मजकूर बोलीत लिहिला असता तर हे एक वाक्य उठून दिसलं नसतं.

अवतरणानंतर ‘ऎन्नुत्तिद्दिरि’ येतं, आधी नाही. मराठीत आपण ‘तुम्ही म्हणायचात की…’ अशी सुरुवात करतो. कन्नडमध्ये आधी वाक्य आणि मग ‘असं म्हणायचात’ ही चाल नैसर्गिक.

‘आ धैर्य नीवु कॊट्टद्दु’, ते धाडस तुम्ही दिलेलं. संदेशाचा जीव या चार शब्दांत आहे, म्हणून ते एकटे उभे केलेत. विशेषण एकही नाही. ‘अपार’, ‘अमूल्य’, ‘अविस्मरणीय’ यांतलं काहीही घालून बघा, वाक्य लगेच मानपत्राकडे झुकतं.

शेवटचं ‘इंति’ म्हणजे पत्राचा समारोप, आपल्या ‘आपला’ किंवा ‘कळावे’च्या जागचा. तो फोनवरच्या संदेशातही चालतो आणि जुन्या शिक्षकांना बरा वाटतो.

तुमची गोष्ट वेगळी असेल तर मधला भाग बदला. पहिलीच्या गुरुजींसाठी: ‘ननगॆ मॊदलु अक्षर कलिसिदवरु नीवु’, मला पहिल्यांदा अक्षर शिकवणारे तुम्ही. गणिताच्या सरांसाठी: ‘गणितद भय होगलाडिसिदवरु नीवु’, गणिताची भीती घालवणारे तुम्ही. मागे-पुढे मात्र तुमचा तपशील हवाच, नाहीतर हीही तयार वाक्यंच झाली.

टंकलेखन आणि छपाई

फोनवर कन्नड कळपाटी सुरू करून घ्या. कन्नड मांडणी सवयीची नसेल तर जीबोर्डमध्ये रोमन अक्षरांत टाइप करून कन्नड उमटवायची सोय आहे. तिच्यात सगळ्यात जास्त घोळ ल आणि ळ चा होतो, कारण रोमन अक्षरांत दोन्ही एकच. ‘हेळिकॊट्टिरि’, म्हणजे समजावून सांगितलंत, यात ळ च्या जागी ल पडला तर अर्थ इतका घाण होतो की इथे लिहिता येत नाही. सरांना पाठवण्यापूर्वी तेवढा एक शब्द तरी दोनदा तपासाच.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांना प्रत्यय लावताना दुसरी गंमत होते. पेन्सिलचा शेवटचा ल अर्धा, त्याला ‘निंद’ जोडलं की कन्नड लिपीत न त्या ल च्या पायाखाली जोडाक्षर होऊन बसतो आणि शब्द वाचवत नाही. त्यावर तोडगा म्हणजे कन्नड पद्धतीने स्वर घालायचा: ‘पॆन्सिलिनिंद’. वरच्या संदेशात तेच केलंय.

शुभेच्छांसाठीचा ‘शुभाशय’ शब्द शहामृगातल्या श ने लिहायचा. कर्नाटकातल्या फलकांवर तो ष ने लिहिलेला इतका दिसतो की तेच बरोबर वाटायला लागतं. ‘हार्दिक’ लिहिताना ह सांभाळा. कन्नड बोलण्यात ह पुष्कळदा गळतो आणि मग लिखाणातही जातो.

मजकूर चौकटीत किंवा कार्डावर छापायचा असेल तर छपाईवाल्याला आधी विचारा, तो काय वापरतो. कर्नाटकातल्या अनेक दुकानांत अजून नुडीचे किंवा बरहचे जुने टंक चालतात, ते युनिकोड नसतात. तुमचा व्हॉट्सॲपवरचा मजकूर त्यात चिकटवला तर अक्षरांचा चुरा होतो, आणि तिथला पोरगा घाईत हाताने पुन्हा टाइप करतो. म्हणजे सगळ्या चुका नव्याने. तेव्हा मजकूर पाठवताना सोबत त्याचं चित्रही पाठवा, आणि छापण्याआधी नमुना मागवून अक्षराखाली येणारी जोडाक्षरं, म्हणजे ‘ऒत्तक्षर’, एकेक करून जुळवून बघा. ती सुटलेली किंवा शेजारी सरकलेली दिसली तर टंक चुकलाय.

कन्नड लिपी अजिबात जमत नसेल तर रोमन अक्षरांतलं कन्नड पाठवू नका, विशेषतः भाषेच्या सरांना. त्यापेक्षा वरच्यासारखा मजकूर देवनागरीत लिहून घ्या, दोन-चार वेळा मोठ्याने वाचा, आणि आवाजी संदेश म्हणून पाठवा. उच्चार थोडे मराठी वळणाचे असले तरी बिघडत नाही. फक्त शब्दाच्या शेवटचा अ गिळू नका. आपण ‘पाठ्’ म्हणतो, कन्नडमध्ये शेवटचा अ स्पष्ट उच्चारतात.

तपासून घेणं आणि पाठवणं

एखाद्या कन्नड मित्राला वाचायला द्या, पण काय तपासायचं ते सांगून. ‘कसं वाटतंय?’ विचारलं तर तो ‘सूपर’ म्हणून मोकळा होईल, किंवा उत्साहाने पाच विशेषणं घालून मानपत्र करून देईल. सांगा की ऱ्हस्व-दीर्घ, ल-ळ आणि क्रियापदांची शेवटं एवढंच बघ, शब्द बदलू नकोस.

कार्यक्रमात बोलायला मिळालं तर दोन मिनिटांत आटपा. शाल, हार, फळं, ‘स्मरणिकॆ’ यात तासभर गेलेला असतो, आणि तुमच्याआधी पाच जण बोललेले असतात. वाचून झालं की हाताने लिहिलेला कागद सरांच्या हातात द्या. नुसतं ऐकलेलं त्या गर्दीत त्यांच्या लक्षात राहणार नाही.

फोनवर पाठवणार असाल तर शेवटच्या दिवशी सकाळी पाठवू नका. त्या दिवशी पदभार सोपवणं, सह्या, पाहुणे, सत्कार यात सर गुंतलेले असतात, आणि तुमचा संदेश दोनशे संदेशांच्या खाली जातो. दोन दिवस थांबलात तर तो शांतपणे वाचला जातो, आणि बहुतेक वेळा उत्तरही येतं.

ते उत्तर ‘शुभवागलि’ किंवा ‘देवरु ऒळ्ळॆयदु माडलि’ असं असेल तर त्यावर हात जोडलेलं चित्र टाकून थांबू नका. ‘निम्म आशीर्वाद सदा इरलि’ एवढं लिहा. आणि सरांनी थेट फोनच केला तर पुस्तकी कन्नड बाजूला ठेवा. ‘नमस्कार सर्री, आराम इद्दीरा?’ म्हणून सुरुवात करा, पुढचं सर सांभाळून घेतील.